मगरिबच्या वेळी अडखळणारी मुले

हिवाळ्यात आमच्या नरडाण्याला सहा वाजायच्या आत सूर्य मावळतो. स्टेशनकडून घरी परतणारी माणसे, दूध घेऊन निघालेल्या बाया, अरबी मदरशातून सुटलेली मुले, सगळ्यांची एकाच वेळी गडबड उडते. गल्लीत दिवे लागायला अजून अवकाश असतो आणि उजेड मात्र संपत आलेला असतो. ही जी पंधरा-वीस मिनिटे असतात, त्यात एखाद्या मुलाची चाल बदलते का, हे पाहण्याची सवय आम्हाला अलीकडे लागली आहे. ती का लागली, ते या महिन्यात सांगायचे आहे.

एकाच हिवाळ्यात आमच्या शाळेतल्या दोन मुलांना संध्याकाळी दिसेनासे झाल्याचे आमच्या कानावर आले. एक दुसरीतली मुलगी, दुसरा आठवीतला मुलगा. दोघांच्या घरी एकच शब्द वापरला जात होता, रतौंधी. मराठीत रातांधळेपणा. शब्द एक होता, तक्रार एक होती, पण आजार दोन होते. मुलगी चार दिवसांत बरी झाली. मुलाची गोष्ट अजून संपलेली नाही.

आधी मुलीचे. पावसाळ्याच्या शेवटी तिला गोवर निघाला होता. गोवर गेला, पण मागे जुलाब लागले आणि ते तीन आठवडे थांबले नाहीत. पोर वाळून गेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली तेव्हा दिवसभर ठीक असायची. घरी मात्र मगरिबची अजान झाली की ती भिंत चाचपत चालू लागे. पुढ्यात ठेवलेला पाण्याचा पेला तिला सापडत नसे. अंगणात खेळणारी मुलगी सूर्य मावळला की अम्मीच्या पदराला धरून बसून राही. अम्मीला वाटले, अंधाराला घाबरते. सुरमा लावून पाहिला. तिच्या नानीने मात्र ओळखले. "बच्ची डरती नै, उसको दिखता नै," असे त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात डोळे पाहिले. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या बाहेरच्या बाजूला, साबणाच्या फेसासारखा एक छोटा पांढुरका ठिपका होता. अशा ठिपक्याला बिटोचा डाग म्हणतात. संध्याकाळचे न दिसणे आणि हा डाग एकत्र आले की जीवनसत्त्व अ फार कमी झाले आहे, असे समजायला हरकत नसते. तिला जीवनसत्त्व अ चा मोठा डोस त्याच दिवशी, दुसरा दुसऱ्या दिवशी आणि तिसरा दोन आठवड्यांनी दिला. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला अशा वेळी प्रत्येक डोस 2 लाख युनिटचा असतो. तिसऱ्या दिवशी मगरिबनंतर ती एकटी अंगणात गेली. नानींनी आम्हाला हे सांगितले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

इतक्या लवकर गुण कसा येतो, हे समजले की पुढचेही समजते. आपल्या डोळ्याच्या मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. कॅमेऱ्यात जशी फिल्म असायची तसा. त्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. एक प्रकार भर उजेडात काम करतो आणि रंग ओळखतो. दुसऱ्या प्रकारच्या पेशी काठीसारख्या लांबट असतात आणि त्या अंधूक उजेडात काम करतात. या काठीपेशींमध्ये एक जांभळट रंगद्रव्य असते आणि ते तयार व्हायला जीवनसत्त्व अ लागते. उजेड पडला की हे रंगद्रव्य फिके पडते, अंधारात पुन्हा तयार होते. उन्हातून एकदम अंधाऱ्या खोलीत गेल्यावर आपल्यालाही क्षणभर काही दिसत नाही आणि मग हळूहळू दिसू लागते, त्याचे हेच कारण. पूर्ण सराव व्हायला जवळजवळ अर्धा तास लागतो. ज्याच्या अंगात जीवनसत्त्व अ नाही, त्याचे रंगद्रव्य पुरेसे तयारच होत नाही. पेशी जाग्यावर असतात, शाबूत असतात, फक्त त्यांना माल मिळत नाही. दिव्यात तेल संपावे तसे. तेल घातले की दिवा पेटतो, म्हणून दोन-तीन दिवसांत गुण येतो.

पण हे तेल वेळेवर घातले नाही तर काय होते, हेही सांगायला हवे. रातांधळेपणा ही पहिली पायरी आहे. पुढे डोळ्याचा ओलावा जातो, डोळा कोरडा आणि निस्तेज दिसू लागतो, मग बुबुळावरची काच मऊ पडून तिला जखम होते आणि ती फुटूही शकते. तिथून दृष्टी परत येत नाही. गोवर आणि लांबलेले जुलाब अंगातला साठा फार लवकर संपवतात, म्हणून गोवर झालेल्या मुलाला डॉक्टर जीवनसत्त्व अ चे डोस देतात. आपल्या देशात यासाठीचा कार्यक्रम 1970 साली सुरू झाला. बाळ नऊ महिन्यांचे झाले की गोवराच्या लसीबरोबर 1 लाख युनिटचा पहिला डोस आणि मग पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख युनिट, असे एकूण नऊ डोस. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात चमच्याने जे पिवळे औषध पाजतात ते हेच. ताप नाही, खोकला नाही, मग औषध कशाला, असे म्हणून ते चुकवणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

आता मुलाचे. तेरा वर्षांचा, गणितात हुशार, मैदानात मात्र कच्चा. चेंडू बाजूने आला की त्याला कळत नसे. वर्गात दुसऱ्याच्या दप्तराला अडखळून पडायचा, आणि आम्ही शिक्षक मंडळी म्हणायचो, बघून चाल. आमच्यापैकी एकानेही त्याच्या डोळ्यांचा विचार केला नाही. संध्याकाळच्या शिकवणीला तो यायचा बंद झाला तेव्हा आम्ही त्याच्या वडिलांना बोलावले. ते म्हणाले, "सर, याला लहानपणापासून रतौंधी आहे. औषध चालू आहे." औषध म्हणजे काय, ते विचारले. मेडिकलमधून जीवनसत्त्व अ च्या गोळ्या आणून ते वर्षभरापासून देत होते. शिवाय दर जुम्याला कलेजी. गाजराचा रस. काही फरक नव्हता, म्हणून मधे त्यांनी गोळ्या दुप्पट केल्या होत्या. मुलाचे डोके दुखायला लागले होते, ओठ फुटत होते, अंगाची कातडी सोलत होती.

इथे आम्हाला त्या मुलीची आठवण झाली. तिला तीन दिवसांत दिसले, याला वर्षभरात नाही. दोघांना एकच कमतरता असती तर असे झाले नसते. या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आम्हाला हीच वाटते. जीवनसत्त्व अ च्या कमतरतेने आलेला रातांधळेपणा योग्य डोसाने काही दिवसांतच सुधारतो. दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर औषध वाढवायचे नसते, निदान बदलायचे असते. जास्तीचे जीवनसत्त्व अ लघवीवाटे निघून जात नाही. ते यकृतात साठते आणि साठून विष होते. डोकेदुखी, उलट्या, कातडी सोलणे, केस गळणे या त्याच्या खुणा आहेत. पुढे यकृतालाच इजा होते.

गोळ्या बंद करून मुलाला धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. आम्हीही बरोबर गेलो. डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि डॉक्टरांनी मागचा पडदा पाहिला. बाहेरून डोळे अगदी स्वच्छ होते, बिटोचा डाग नव्हता, कोरडेपणा नव्हता. पण पडद्याच्या कडेकडेने काळे ठिपके विखुरलेले होते, कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटलेले. या आजाराला रेटिनायटिस पिग्मेंटोसा म्हणतात. यात काठीपेशी माल नसल्यामुळे थांबलेल्या नसतात, त्या स्वतःच हळूहळू मरत असतात. दिवाच झिजत असेल तर तेल घालून काय होणार?

काठीपेशी पडद्याच्या कडेला जास्त असतात, म्हणून कडेची नजर आधी जाते. माणसाला समोरचे दिसते, पुस्तक वाचता येते, पण बाजूचे दिसत नाही. नळीतून पाहावे तसे. बाजूने येणारा चेंडू त्याला का कळत नव्हता आणि पायाजवळचे दप्तर का दिसत नव्हते, ते आम्हाला त्या दिवशी कळले. आम्ही ज्याला धांदरटपणा म्हणत होतो, तो आजार होता.

हा आजार दुर्मीळ समजला जातो. जगभराचा अंदाज चार हजारांत एक असा सांगतात. पण आपल्या महाराष्ट्रातच, नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरील माणसांचे डोळे तपासण्याचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात 4,700 हून अधिक लोकांची तपासणी झाली आणि साधारण साडेसातशे माणसांमागे एकाला हा आजार आढळला. म्हणजे नरडाण्यासारख्या गावातही असे काहीजण असणार. ते संध्याकाळी घराबाहेर पडत नसतील आणि लोक त्यांना घरकोंबडा म्हणत असतील.

डॉक्टरांनी मग एक प्रश्न विचारला. आई-वडिलांचे आधीपासून नाते आहे का? होते. दोघे सख्ख्या चुलतभावंडांची मुले नव्हेत, सख्खी चुलत भावंडेच. हे ऐकून मुलाच्या दादीने सुनेकडे पाहिले. आम्ही ती नजर पाहिली, आणि म्हणून पुढचे जरा सावकाश सांगतो.

आपल्याला प्रत्येक गुणाची दोन जनुके मिळतात, एक अम्मीकडून, एक अब्बांकडून. रेटिनायटिस पिग्मेंटोसा अनेक कुटुंबांत असा येतो की दोन्ही जनुके बिघडलेली असतील तरच आजार होतो. एक बिघडलेले, एक चांगले, असे असेल तर माणसाला काहीही होत नाही. त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. अशा माणसाला वाहक म्हणतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे या घरात बिघडलेले एक जनुक आईकडून आले आणि एक वडिलांकडून. दोघांचा वाटा सारखा. एकट्या सुनेकडे पाहण्यासारखे त्यात काही नाही. नात्यात लग्न झाले की आजार होतोच असेही नाही. बहुतेक अशा जोडप्यांची मुले निरोगी असतात. पण एकच आजा-आजी असलेल्या दोघांकडे तेच बिघडलेले जनुक असण्याची शक्यता परक्यांपेक्षा पुष्कळ जास्त असते. ही गोष्ट फक्त आपल्याच समाजाची नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत आहे.

घरी परतताना मुलाची मोठी बहीण गप्प होती. नंतर वडिलांनी सांगितले, तिचे लग्न तिच्या मामूच्या मुलाशी ठरले आहे. तिला रात्री व्यवस्थित दिसते, मामूच्या मुलालाही दिसते. मग काळजी कशाची? आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून पाटीवर हिशेब मांडला.

भावाला आजार आहे, म्हणजे आई-वडील दोघे वाहक आहेत हे ठरले. अशा जोडप्याच्या चार मुलांत सरासरीने एक आजारी, दोन वाहक आणि एक पूर्ण मोकळे. बहीण आजारी नाही, म्हणजे ती उरलेल्या तिघांतली. त्या तिघांत दोन वाहक. तेव्हा ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. आता मामू. अम्मी वाहक आहे, तर तिच्या सख्ख्या भावालाही तेच जनुक मिळाले असण्याची शक्यता दोनात एक. मामूकडून त्याच्या मुलाला जाण्याची शक्यता पुन्हा निम्मी, म्हणजे चारात एक. दोघेही वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांश गुणिले एक चतुर्थांश, म्हणजे सहात एक. आणि दोघे वाहक असतील तरच मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. एकूण चोविसात एक. हाच मुलगा नात्याबाहेरचा असता तर त्याच्याकडे नेमके हेच जनुक असण्याची शक्यता फारच कमी, म्हणून हा आकडाही कितीतरी लहान झाला असता.

चोविसात एक म्हणजे तेवीस वेळा काही नाही, हेही खरे. पण हा अंदाज झाला. काही कुटुंबांत हा आजार वेगळ्या रीतीनेही उतरतो, त्यामुळे पाटीवरचा हिशेब अखेरचा नसतो. अंदाजावर थांबायची गरजही नाही. आधी आजारी मुलाच्या रक्तातून नेमके कोणते जनुक बिघडले आहे ते शोधतात. ते सापडले की बहिणीचे आणि होणाऱ्या नवऱ्याचे रक्त त्याच एका जनुकासाठी तपासता येते. दोघांपैकी एक जण जरी वाहक नसला, तरी या आजाराची धास्ती संपते. तपासणी खर्चिक आहे, मोठ्या शहरात करावी लागते आणि कधीकधी जनुक सापडतही नाही. वडिलांनी आम्हाला विचारले, असे विचारणे बरे दिसेल का? आम्ही म्हटले, नात्यात लग्न जायज आहे, फर्ज नाही. आणि निकाहच्या आधी विचारलेले नंतर विचारण्यापेक्षा बरे.

सगळाच रातांधळेपणा या दोन प्रकारांत बसतो असे नाही. मोतीबिंदू पिकू लागला की संध्याकाळी धूसर दिसते आणि समोरच्या गाडीचा दिवा फुलतो. आमच्या हायवेवर रात्री मोटारसायकल चालवणारे चाचा लोक हे सांगतात. लांबचा मोठा नंबर असलेल्या मुलाला चष्मा नसेल तर त्यालाही अंधारात कमी दिसते. मधुमेहाने पडदा खराब झाला, काचबिंदू झाला, किंवा यकृताच्या जुन्या आजारामुळे जीवनसत्त्व अ अंगी लागेना, तरी तक्रार हीच असते.

गरोदर बायकांचे मात्र वेगळे सांगायला हवे. शेवटच्या महिन्यांत काहींना संध्याकाळी दिसेनासे होते. बाळंतपणानंतर आपोआप जाते, असे म्हणून मोठ्या बाया ते सोडून देतात. पण ती अंगात जीवनसत्त्व कमी असल्याची खूण आहे आणि डॉक्टरांना सांगायलाच हवी. मुलांना देतात तो 2 लाखांचा डोस गरोदरपणात कधीही घ्यायचा नाही, त्याने पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकते. डॉक्टर देतात तो डोस फार लहान असतो, दिवसाला 10,000 युनिटपेक्षा जास्त नाही. कलेजीतही जीवनसत्त्व अ भरपूर असते, म्हणून बकरी ईदला गरोदर सुनेला मुद्दाम जास्त कलेजी वाढू नये.

बाकीच्यांनी काय खावे? कलेजी, अंड्याचा पिवळा बलक, दूध आणि तूप यांत जीवनसत्त्व अ तयार मिळते. शेवग्याचा पाला, मेथी, पालक, गाजर, लाल भोपळा, पिकलेली पपई आणि आंबा यांतून शरीर ते तयार करते. शेवगा आपल्या बांधावर असतो आणि पपई खानदेशात ढिगाने पिकते. केळी मात्र या कामाला फारशी उपयोगी नाहीत. भाजीत थोडे तेल हवेच, कारण हे जीवनसत्त्व चरबीत विरघळते. नुसता उकडलेला पाला बराचसा वाया जातो.

एखाद्या मुलाबद्दल शंका आली तर डॉक्टरांकडे जाण्याआधी घरातच चार गोष्टी आठवून ठेवाव्यात. संध्याकाळचे न दिसणे गेल्या काही आठवड्यांतले आहे की लहानपणापासूनचे? त्याआधी गोवर, जुलाब, कावीळ असे काही झाले होते का? दिवसाही बाजूच्या वस्तूंना धडकतो का? आणि घराण्यात, आजोळीसुद्धा, असे कोणी आहे का? त्यातच ऐकायलाही कमी येत असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण दृष्टी आणि श्रवण दोन्हीवर परिणाम करणारा या आजाराचा एक प्रकार आहे. ही चार उत्तरे मिळाली की डॉक्टरांना अर्धी वाट सापडते.

आमच्या त्या विद्यार्थ्याचा आजार बरा करणारे औषध आज नाही. एका विशिष्ट जनुकाच्या बिघाडावर 2017 साली अमेरिकेत उपचाराला मान्यता मिळाली, पण तो त्या एकाच जनुकापुरता आणि अतिशय महाग. मात्र नजर एका दिवसात जात नाही, वर्षानुवर्षे हळूहळू कमी होते, आणि तेवढ्या वेळात पुष्कळ करता येते. त्याला आता खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर जागा आहे. दप्तरे बाकाखाली ठेवायची, वाटेत नाही, असा नियम सगळ्या वर्गाने पाळला आहे. शिकवणी मगरिबऐवजी असरच्या आधी घेतो. मशिदीत जाताना त्याच्या खिशात बॅटरी असते. रात्री वाहन त्याने कधीच चालवायचे नाही, हे त्याला आताच सांगून ठेवले आहे. दरवर्षी नजरेचा परीघ मोजायचा आहे. तो ठरावीक मर्यादेखाली गेला की दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते आणि परीक्षेत जादा वेळ व लेखनिक घेता येतो.

बहिणीच्या रक्ताचा नमुना गेल्या महिन्यात पाठवला. मामूच्या मुलानेही स्वतःहून दिला. निकाल यायचा आहे, आणि तोवर दोन्ही घरांनी लग्नाची तारीख धरलेली नाही.